नॉमिनीचं नाव आणि वारसांचा हक्क

सहकारी बँकेत नोकरीला असताना बरीच वर्षं माझ्याकडे मृत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल होतं. निवृत्तीनंतर डोंबिवलीतल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेची मानद सचिव झाले. जागा बदलली, तरी समोर येणारा प्रश्न तोच राहिला. घरातलं माणूस गेलेलं असतं, कागदावर एका व्यक्तीचं नाव नॉमिनी म्हणून असतं, आणि ती व्यक्ती निश्चिंत मनाने म्हणते, "नॉमिनी मीच आहे, म्हणजे आता हे माझंच ना?"

याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं आहे. नॉमिनीचं नाव एवढंच सांगतं की सभासद किंवा ठेवीदार गेल्यावर संस्थेने किंवा बँकेने कोणाशी बोलायचं, पैसे कोणाच्या हाती द्यायचे. त्या पैशांवर किंवा घरावर शेवटी मालकी कोणाची, हे मृत्युपत्र ठरवतं. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा ठरवतो. ही दोन वाक्यं मी इतक्या लोकांना सांगितली आहेत, की ती ऐकताना समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला पाठ झालं आहे. आधी अविश्वास, मग राग, आणि नंतर पुष्कळदा भीती. कारण घरातल्या बाकीच्यांना हे सांगावं लागणार, हे तेव्हाच लक्षात येतं.

बँकेतला एक दावा मनातून जात नाही. एक अविवाहित बाई, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मुदत ठेवींवर नॉमिनी म्हणून भाच्याचं नाव होतं. हा भाचा त्यांच्याजवळ राहून त्यांचं सगळं बघत असे. त्यांना डायलिसिसला नेणं, औषधं आणणं, रात्री उठून पाणी देणं, सगळं त्यानेच केलं. बाई गेल्या. भाच्याने मृत्यूचा दाखला, ओळखीची कागदपत्रं आणि ठेवीच्या पावत्या आणल्या, आणि नियमाप्रमाणे रक्कम त्याच्या खात्यात गेली. त्यात बँकेचं काहीच चुकलं नाही. नॉमिनीला पैसे दिले की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते.

महिन्याभराने बाईंचे दोन भाऊ आणि एक बहीण शाखेत आले. ती बहीण म्हणजे भाच्याची आईच. भावांनी विचारलं, "त्याला कसे दिलेत पैसे? वारस आम्ही आहोत." वारस तेच होते, हे खरंच होतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित स्त्रीची स्वकष्टार्जित संपत्ती, तिचे आईवडील हयात नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे जाते, म्हणजे इथे तिच्या भावंडांकडे. आई जिवंत असताना भाचा स्वतः वारस होतच नव्हता. तिघा भावंडांचा एकेक तृतीयांश. भाच्याचा वाटा शून्य, आणि पैसे मात्र त्याच्या खात्यात.

मी भावांना सांगितलं, की बँकेविरुद्ध तुमची तक्रार टिकणार नाही, पण भाच्याकडे तुम्ही तुमचा हिस्सा मागू शकता. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५झेडए मध्ये नॉमिनीला ठेवीदाराचे हक्क मिळतात असे शब्द आहेत, आणि ते वाचून अनेकांना वाटतं की झालं, मालकी मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याचा अर्थ स्पष्ट केला: नॉमिनीला रक्कम घेण्याचा हक्क आहे, तिचा मालक होण्याचा नाही. वारसांचा नॉमिनीवरचा दावा शाबूत राहतो. याआधी १९८४ च्या सरबती देवी निकालात आयुर्विम्याबाबत न्यायालयाने हेच म्हटलं होतं.

त्या भाच्याने पैसे परत दिले. कोर्टात कोणी गेलं नाही. आईने आपला तृतीयांश त्याला दिला, बाकी दोन हिस्से मामांकडे गेले. मला वाईट वाटलं ते वेगळ्या कारणाने. त्या बाईंच्या मनात काय होतं, ते शाखेतल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नॉमिनेशनचा फॉर्म भरताना त्या म्हणाल्या होत्या, "हे सगळं त्याचं." पण डीए-१ या फॉर्ममध्ये तेव्हा असं लिहायला जागाच नव्हती. तिथे नाव, नातं, पत्ता आणि वय एवढंच. मनातली इच्छा कायद्याला कळवायची तर मृत्युपत्र लागतं. एका साध्या कागदावर स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढ्यात ते होऊ शकतं. त्याची नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरं. साक्षीदार मात्र ज्याला लाभ मिळणार त्याच्याशिवाय दुसरा कोणी असावा. त्या बाईंनी तो एक कागद केला असता, तर भाच्याच्या हातातले पैसे त्याचेच राहिले असते.

त्यानंतर नॉमिनेशनचा फॉर्म भरायला कोणी आलं, की मी एक जादा प्रश्न विचारू लागले: "हे पैसे याच माणसाला मिळावेत अशी तुमची इच्छा आहे, की हा फक्त घेऊन सगळ्यांना वाटेल?" दोन्ही उत्तरं चालतात. पहिलं उत्तर असेल तर मृत्युपत्र हवं, दुसरं असेल तर बाकीच्या घरच्यांना ते माहीत असायला हवं.

बँकेच्या टेबलावर आणखी एक गोष्ट वारंवार घडे. नॉमिनीला पैसे मिळू नयेत म्हणून दुसरा वारस वकिलाची नोटीस पाठवायचा, आणि बँक थांबत नाही म्हटल्यावर चिडायचा. कायद्याने बँकेला अशा नोटिशीकडे बघायचंच नसतं. कलम ४५झेडबी सांगतं, की ज्याच्या नावावर ठेव आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हक्काची सूचना बँकेवर बंधनकारक नाही, सक्षम न्यायालयाचा आदेश आणला तर गोष्ट वेगळी. त्यामुळे रक्कम थांबवायची असेल तर कोर्टातून मनाई हुकूम आणावा लागतो, आणि तोही लवकर. कारण कागद पूर्ण आले की दावा १५ दिवसांत निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नोटीस पाठवून निवांत बसलेले वारस महिन्याने चौकशीला येत, तेव्हा पैसे केव्हाच नॉमिनीच्या हाती गेलेले असत.

संस्थेची सचिव झाले तेव्हा वाटलं होतं, की इथे प्रकरणं सोपी असतील. ती जास्त अवघड निघाली. ठेव मोजून वाटता येते. घर तसं वाटता येत नाही, शिवाय त्यात कोणीतरी राहत असतं.

सदनिकांबाबत लोकांचा गोंधळ होण्याला एक कारण आहे. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सभासद गेल्यावर सहकारी संस्थेने त्याचे भाग नॉमिनीच्याच नावे केले पाहिजेत. लोकांनी एवढंच ऐकलं. बाकी कुटुंबीयांना वारसा हक्कासाठी आपली बाजू मांडायची मोकळीक आहे, असंही त्याच निकालात होतं, ते मात्र कोणी पुढे सांगितलं नाही. "सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, फ्लॅट नॉमिनीचा," हे वाक्य मी कितीतरी सर्वसाधारण सभांत ऐकलं.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये कायदाच बदलला आणि माझ्या कामाला खरी दिशा मिळाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद गेल्यावर संस्था नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेते. वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ज्यांचा हक्क ठरतो ते सभासद होईपर्यंतच त्याची ही जागा टिकते. पक्कं हस्तांतरण व्हायला मृत्युपत्र, न्यायालयाचा वारस दाखला किंवा सर्व वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, असा काहीतरी आधार लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी प्रकरणात कंपनीच्या शेअर्सबद्दलही हेच सांगितलं: नॉमिनेशन ही वारसाहक्काची तिसरी वाट नव्हे.

हा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, ते आमच्या संस्थेतल्या एका घराच्या उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत.

घरातले कर्ते गृहस्थ गेले. फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर, त्यांच्या पगारातून घेतलेला. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी, आणि कराडजवळच्या गावी त्यांची आई. संस्थेत नॉमिनी थोरला मुलगा. फ्लॅट घेतला तेव्हा तो एकटाच सज्ञान होता, बाकी दोघं शाळेत होती, म्हणून त्याचं नाव घातलेलं. बँकेत नऊ लाखांची ठेव, तिथे नॉमिनी पत्नी.

थोरला मुलगा बंगळुरूला नोकरीला. तो मृत्यूचा दाखला, मूळ भागदाखला आणि अर्ज घेऊन आला. व्यवस्थापन समितीने त्याला दाखल करून घेतलं. ठरावात मी "तात्पुरता सभासद" हे शब्द जपून लिहिले आणि भागदाखल्यावर नाव चढवलं नाही. तेव्हा त्याला यात काही विशेष वाटलं नाही. काही महिन्यांनी तो म्हणाला, "मावशी, फ्लॅट विकायचा आहे. गिऱ्हाईक आहे. संस्थेचं ना-हरकत पत्र द्या."

मी त्याला बसवून घेतलं आणि कागदावर हिशेब मांडला. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गातले वारस सारखे वाटेकरी होतात. पत्नी, मुलगे आणि मुली त्यात आहेतच, आणि मृताची आईसुद्धा आहे. लोक हमखास विसरतात ते आईला. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत, आई येते. तेव्हा या घराचे पाच वाटे होते: आजी, आई, दोन भाऊ, बहीण. फ्लॅटची किंमत ९० लाख धरली, तर प्रत्येकाचे १८ लाख. नॉमिनी म्हणून थोरल्याला एक पैसाही जास्त नाही.

त्याने विचारलं, "पण आजीला कशाला हवाय मुंबईतला फ्लॅट?" तिला तो हवा आहे की नाही याने काही फरक पडत नव्हता. माणूस गेला त्या क्षणी वारसांचे हिस्से ठरतात. कागद नंतर होतात, हक्क आधीच ठरलेला असतो. आणि हे त्याला पुरतं समजायच्या आत, दुसऱ्याच वर्षी, गावी आजी गेल्या.

आता गणित बदललं. आजींचा पाचवा हिस्सा त्यांच्या स्वतःच्या वारसांकडे गेला. हिंदू स्त्रीच्या संपत्तीवर पहिला हक्क तिच्या मुलामुलींचा आणि नवऱ्याचा. आधी गेलेल्या मुलाची मुलं त्या मुलाच्या जागी येतात. आजोबा पूर्वीच गेलेले. म्हणून आजींच्या हिश्शाचे तीन भाग झाले: एक काकांचा, एक आत्यांचा, आणि एक गेलेल्या मुलाच्या तीन मुलांचा मिळून. सुनेला, म्हणजे या मुलांच्या आईला, सासूकडून काही आलं नाही. कायद्यात इथे सुनेची जागा नाही.

९० लाखांत मोजलं तर आजींचे १८ लाख असे वाटले गेले: काकांना ६, आत्यांना ६, आणि तिन्ही नातवंडांना २-२ लाख. म्हणजे आता फ्लॅटमध्ये आईचे १८ लाख, प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे २० लाख, काका आणि आत्या यांचे ६-६ लाख. बेरीज ९०. ज्या काकांनी आणि आत्यांनी हे घर कधी आपलं मानलं नव्हतं, ते कायद्याने हिस्सेदार झाले होते. नऊ लाखांच्या ठेवीलाही हेच प्रमाण लागू होतं. ती नॉमिनी म्हणून आईच्या खात्यात जमा झाली होती, तरी त्यात तिचे स्वतःचे १ लाख ८० हजारच होते.

हा हिशेब ऐकून आई रडल्या. "म्हणजे माझ्याच घरात माझा पाचवाच हिस्सा?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे सांत्वनाचं उत्तर नव्हतं. फ्लॅट घेतानाच नवरा-बायकोच्या जोड नावाने घेतला असता, तर निम्मा हिस्सा आधीपासून त्यांचा असता आणि फक्त उरलेल्या निम्म्याचे वाटे पडले असते. त्यासाठी खरेदीखतावर नाव असावं लागतं. नॉमिनेशनने ते साधत नाही.

मग मी त्यांना वाट सांगितली. सगळे हिस्सेदार एकमेकांशी बोलत असतील तर सर्वांत सरळ मार्ग हक्कसोडपत्राचा. ज्याला आपला हिस्सा नको, तो दुसऱ्या हिस्सेदारांच्या नावे तो लिहून देतो. स्थावर मालमत्तेचा हा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो. साध्या कागदावरची "माझी काही हरकत नाही" अशी चिठ्ठी, किंवा नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, मालकी हलवायला पुरत नाही. संस्थेच्या फायलींत अशा चिठ्ठ्या मी पुष्कळ पाहिल्या. विकत घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक जेव्हा मालकीची साखळी तपासते, तेव्हा पहिल्यांदा त्याच चिठ्ठीवर बोट ठेवते.

काकांनी एका शब्दाने विचारलं नाही. डोंबिवलीला आले, हक्कसोडपत्रावर सही-अंगठा दिला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. आत्यांनी सही करायला नकार दिला. त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात खर्च त्यांनीच केला होता आणि कोणी विचारपूस केली नव्हती. थोरल्याला हा अडवणुकीचा प्रकार वाटला. मी त्याला एवढंच म्हटलं, की त्यांचा हिस्सा ही तुम्ही दिलेली सवलत नाही, तो त्यांचा आहे. शेवटी तिन्ही भावंडांनी मिळून त्यांना रक्कम दिली आणि त्यांनी दस्त करून दिला. मोबदला घेऊन हक्क सोडला तर मुद्रांक शुल्काचा हिशेब विनामोबदला सोडलेल्या हक्कासारखा राहत नाही, त्यामुळे तो दस्त त्यांनी आधी वकिलांना दाखवून घेतला.

मुलीच्या बाबतीत घरच्यांनी गृहीत धरलं होतं, की ती सही करेलच. ती नाशिकला, सुखवस्तू घरात. तिने सही केली नाही. "बाबांच्या घरात माझं नाव राहू दे," म्हणाली. यात वाकडं काहीच नव्हतं, आणि समितीतल्या एकदोघांनी तिला समजवायची तयारी दाखवली तेव्हा मी त्यांना थांबवलं. वारस मुलीवर सहीसाठी दबाव आणणं हे संस्थेचं काम नाही. फ्लॅट शेवटी आई आणि तिन्ही मुलं अशा चौघांच्या नावावर झाला. मृत्यूचे दाखले, नोंदवलेली दोन हक्कसोडपत्रं, आणि चौघांनी मिळून केलेला, नोंदवलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त जोडून अर्ज आला. समितीने ठराव केला, आणि मग भागदाखल्यावर नावं चढली. विक्रीचा विचार मागे पडला. आई आणि धाकटा तिथे राहतात. ठेवीचे पैसे आईकडेच राहू द्यायचे असं मुलांनी दस्तात लिहून दिलं. आईने स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र केलं. आपल्या पश्चात पुन्हा असे अपूर्णांक होऊ नयेत, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

सगळी प्रकरणं अशी समेटाने मिटत नाहीत. एका घरात नॉमिनी असलेला भाऊ बाकीच्यांचा हिस्सा मानायलाच तयार नव्हता. दोन्ही बाजू समितीसमोर येऊन आपापली कागदपत्रं मांडू लागल्या. नव्या सदस्यांना वाटलं, आपण न्यायनिवाडा करायचा. संस्थेला तो अधिकारच नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात. तो निकाली निघेपर्यंत संस्थेने नॉमिनीला तात्पुरता सभासद ठेवायचं, मासिक आकार त्याच्याकडून घ्यायचा, आणि विक्रीसाठी ना-हरकत पत्र देताना सगळ्या वारसांचे दस्त किंवा कोर्टाचा आदेश मागायचा. आम्ही हेच केलं. दोन्ही बाजूंनी आमच्यावर राग धरला, पण ठराव कायद्याला धरून होते, त्यामुळे उपनिबंधकांकडे तक्रार गेली तरी उत्तर देताना अडचण आली नाही.

कोर्टात जावं लागलं तर कोणता दाखला मागायचा, यातही लोक फसतात. उत्तराधिकार प्रमाणपत्र बँक ठेवी, शेअर्स, येणी अशा रकमांसाठी असतं. घरासाठी ते उपयोगी पडत नाही. घरासाठी महाराष्ट्रात १८२७ च्या जुन्या मुंबई विनियमाखाली वारस दाखला मिळतो. एका कुटुंबाने पहिलं प्रमाणपत्र मिळवण्यात वर्ष घालवलं आणि ते घेऊन माझ्याकडे फ्लॅटसाठी आले. ते परत पाठवताना मला फार जड गेलं. तेव्हापासून, कोणी सल्ला विचारायला आलं की मी पहिल्यांदा विचारते: प्रश्न घराचा आहे, ठेवीचा आहे, की दोन्हींचा?

नॉमिनीच नसेल तर काय होतं, हेही पाहिलं आहे. संस्थेला नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, आणि तात्पुरता सभासद म्हणून कोणाला घ्यायचं ते समितीला ठरवावं लागतं. ज्या घरात एकोपा आहे तिथेसुद्धा यात महिने जातात. म्हणून नॉमिनेशन निरर्थक आहे, असं माझं म्हणणं मुळीच नाही. ते असतं तेव्हा बँकेतले पैसे दोन आठवड्यांत घरात येतात, दवाखान्याची बिलं भागतात, संस्थेला पत्र कोणाला पाठवायचं ते कळतं. नॉमिनेशन एवढंच करतं, आणि एवढं चांगलं करतं. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच व्हावी अशी तरतूद आली. तो अपवाद विम्यापुरता आहे, तो घराला आणि ठेवीला लावू नये.

नॉमिनेशन आपोआप बदलत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. भविष्यनिर्वाह निधीत लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, त्यामुळे लोकांना वाटतं सगळीकडे तसंच असेल. बँकेत आणि संस्थेत लग्नाआधी घातलेलं नाव तसंच राहतं. एका तरुण विधवेला नवऱ्याच्या ठेवीची रक्कम सासूच्या हातात जाताना बघावी लागली, कारण नवऱ्याने लग्नानंतर नॉमिनी बदललाच नव्हता. तिचा आणि मुलाचा हिस्सा कायद्याने होता, पण तो मागायला तिला सासूच्या दारी जावं लागलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी घालता येतात आणि प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो. याने वाटपाची सोय होईल, पण टक्के लिहिले म्हणून मालकीचा नियम बदलत नाही. माणसं आता त्या टक्क्यांनाच मृत्युपत्र समजतील, याची मला काळजी वाटते.

मी इथे हिंदू वारसा कायद्याचा हिशेब सांगितला. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तोच लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात, पण नॉमिनी मालक नव्हे हे तिथेही तसंच आहे.

आमच्या संस्थेत आता कोणी नॉमिनेशनचा अर्ज तीन प्रतींत भरून आणला, की समितीच्या सभेत नोंद करण्याआधी मी त्यांना एक काम सांगते. आज तुम्ही नसाल तर तुमचे कायदेशीर वारस कोण, ते एका कागदावर लिहा. त्यात आई हयात असेल तर तिचं नाव घाला, लग्न झालेल्या मुलीचं घाला, आधी गेलेल्या मुलाच्या मुलांचं घाला. मग त्या यादीशेजारी नॉमिनीचं नाव ठेवा. दोन्ही कागद बघून तुम्हाला हवं ते होणार असेल, तर घरच्यांना ते सांगून ठेवा. होणार नसेल, तर मृत्युपत्र करा, आणि ते कुठे ठेवलंय ते निदान दोघांना माहीत असू द्या. ही यादी लिहायला दहा मिनिटं लागतात. यादी वाचून पुष्कळजण नॉमिनेशनचा अर्ज माझ्याकडे देतात आणि तिथूनच वकिलाला फोन लावतात.